'आईला लोकलचा खडखडाट घरात बसून ऐकू येतो, म्हणजे कान ठणठणीत आहेत. आपलं बोलणं ती मुद्दाम टाळते'

हे चुकीचं आहे. वयामुळे आधी उंच पट्टीचे आवाज जातात. लोकलचा खडखडाट किंवा बसचं इंजिन खालच्या पट्टीचं, ते शाबूत राहतं. बोलण्यात स्वर जोरकस असतात. स, फ, क, त ही व्यंजनं मात्र क्षीण आणि उंच पट्टीची. म्हणून स्वयंपाकघरातून 'ताक हवं का?' विचारलं, तर 'ताप नाही मला' असं उत्तर येतं. वर पंखा आणि टीव्ही चालू असेल तर विचारूच नका.

आवाज पोहोचतो, शब्द कळत नाही. त्यामुळे 'तुम्हीच पुटपुटता' हे आईचं म्हणणं प्रामाणिक असतं. ऱ्हास वर्षानुवर्षं, दोन्ही कानांत सारखाच होत जातो. तुलनेला चांगला कान उरत नाही. ओरडल्याने स्वरच वाढतात, व्यंजनं नाहीत. समोर येऊन सावकाश बोला.

कान-नाक-घसा डॉक्टरांकडून आधी मळ तपासून घ्या, मग ऑडिओमेट्री म्हणजे श्रवणचाचणी करा; मुंबईत वांद्रे रेक्लमेशनच्या अली यावर जंग संस्थेत ती होते. एकच कान अचानक बंद झाला, तर ते वय समजू नका, त्याच दिवशी दाखवा.