दिवसाला दोनशे टन, पण किती मालासाठी?

"एक कंटेनर जहाज दिवसाला दोनशे टन तेल पितं! ट्रकला शंभर किलोमीटरला ३५ लिटर पुरतात. सर्वांत मोठी १५ जहाजं मिळून जगातल्या सगळ्या मोटारींएवढं प्रदूषण करतात. माल ट्रकने किंवा रेल्वेने न्या. जास्तीत जास्त लोकांना पाठवा."

हा मजकूर आता भाचीच्या शाळेच्या प्रकल्पात 'माहिती' म्हणून चिकटवलेला दिसला, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

दोनशे टनांचा आकडा खोटा नाही. वीसफुटी कंटेनर साधारण आठ हजार मावतील असं जहाज २३ नॉटने, म्हणजे ताशी सुमारे ४३ किलोमीटर वेगाने, पळवलं तर तेवढं तेल लागतं. पण त्यावर माल किती होता, हे विचारायचं कुणाला सुचलंच नाही. जाताना भरलेलं, येताना निम्म्याहून जास्त रिकामं, असं धरून सरासरी सत्तर टक्के जागा भरलेली समजू आणि प्रत्येक कंटेनरात दहा टन माल. म्हणजे ५६,००० टन. २३ नॉटने चोवीस तासांत जहाज सुमारे १,०२० किलोमीटर जातं.

आता हाच माल तेवढंच अंतर ट्रकने न्या. प्रत्येकात २५ टन, एकही ट्रक रिकामा परतत नाही, अशी सवलतही देतो. तरी २,२४० ट्रक लागतील. शंभर किलोमीटरला ३५ लिटर याच हिशेबाने प्रत्येकाला ३५७ लिटर, सगळ्यांना मिळून आठ लाख लिटर. वजनात हे डिझेल जवळपास ६७० टन भरतं. दोनशे कुठे आणि सहाशे सत्तर कुठे! ट्रकचा रिकामा परतीचा प्रवास मोजला तर तफावत आणखी वाढते.

ऊर्जेत सांगायचं तर जहाजाचं जड तेल किलोला साधारण ४० मेगाज्यूल देतं आणि डिझेल लिटरला ३६. म्हणजे एक टन माल एक किलोमीटर न्यायला जहाजाला ०.१४ मेगाज्यूल लागतात, पूर्ण भरलेल्या ट्रकला ०.५. ट्रकमध्ये सरासरी १५ टनच असतील तर ०.८ च्या वर. जहाजाच्या जनरेटरचं तेल यात धरलेलं नाही आणि शीत कंटेनर बरेच असले तर ते जाणवण्याइतकं असतं, पण त्याने चित्र उलटत नाही.

शिवाय २३ नॉट हा वेगच आता जुना झाला. पाण्याचा विरोध असा की दिवसाचं तेल ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. तेच जहाज १८ नॉटवर आणलं की दिवसाला शंभर टनांच्या आत भागतं. अंतरही कमी कापलं जातं, तरी टन-किलोमीटरमागची ऊर्जा सुमारे ०.०९ वर येते, म्हणजे चाळीसेक टक्के बचत. २००८ च्या मंदीनंतर जहाजं हळू चालवायची पद्धत रुजली ती यामुळेच.

पंधरा जहाजांची गोष्ट फक्त गंधकाच्या ऑक्साइडची होती, आणि तीही जहाजाच्या तेलात साडेचार टक्के गंधक चालायचं तेव्हाची. २०२० पासून ही मर्यादा अर्धा टक्का आहे. कार्बन डायऑक्साइडचं विचाराल तर आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या २०२० च्या चौथ्या अभ्यासानुसार जगातल्या सगळ्या जहाजांचा मिळून वाटा २०१८ मध्ये २.८९ टक्के होता. पंधरांचा नव्हे, सगळ्यांचा.

रेल्वेच्या बाबतीत मात्र मजकूरवाल्याला थोडं द्यावं लागेल. अमेरिकेतल्या लांबलचक डिझेल मालगाड्यांचा सरासरी खर्च टन-किलोमीटरला ०.२ मेगाज्यूलच्या आसपास येतो. कंटेनरगाडीचा जास्त, कारण डब्यांत वजनाने माल कमी आणि मधल्या फटींमुळे हवेचा विरोध मोठा. पण जमिनीचा रस्ता जवळचा असू शकतो. शांघाय ते रॉटरडॅम सुएझमार्गे साधारण १९,४०० किलोमीटर, तर चीनमधल्या चोंगचिंगपासून जर्मनीतल्या ड्युइसबर्गपर्यंत रेल्वेने ११,०००. रेल्वेला ०.२ च धरले तर टनाला २,२०० मेगाज्यूल. १८ नॉटच्या जहाजाला सुमारे १,७५०, पण २३ नॉटच्या जहाजाला २,७००. म्हणजे घाईतल्या जहाजापेक्षा रेल्वे सरस. केप ऑफ गुड होपला वळसा घालावा लागला की सुमारे २६,००० किलोमीटर होतात आणि मग हळू जहाजाचा खर्चही वाढून रेल्वेच्या बरोबरीला येतो. गाडी विजेवर असेल तर वीजकेंद्रात वाया गेलेली ऊर्जाही मोजा. नुसती गाडीने ओढलेली वीज धरली की रेल्वे फुकटात स्वस्त दिसते.

आणि हे सगळं मोठ्या जहाजाचं. हजारेक कंटेनरच्या छोट्या जहाजाला टन-किलोमीटरमागे दुप्पट-तिप्पट ऊर्जा लागते; तिथे भरलेली रेल्वे सहज तुल्यबळ ठरते.

ट्रकला मात्र यातल्या कुठल्याच हिशेबात जागा नाही. बंदरापासून गोदामापर्यंतचे ३०० किलोमीटर, परतीच्या रिकाम्या फेरीसह, टनाला २४० मेगाज्यूल खातात. तेवढ्यात तोच टन हळू जहाजाने समुद्रावर अडीच हजार किलोमीटरपेक्षा जास्त पुढे गेलेला असतो.