शंका चालू आहे

परवा मीटिंगमध्ये मी हात वर करून म्हटलं, "सर, आय ॲम हॅविंग अ डाउट." दोन फायलींपैकी फायनल कुठली, एवढंच विचारायचं होतं. सर तोंड उघडणार, तेवढ्यात शेजारच्या खुर्चीतून आवाज आला, "हॅव अ डाउट."

मला आधी वाटलं, आग्रह करतोय. घ्या ना, लाजू नका, अजून एक डाउट घ्या.

"हॅविंग नाही, हॅव," त्याने खुर्ची माझ्याकडे वळवली. "लंच हॅविंग चालतं, कारण जेवण ही कृती आहे. सुरू होते, संपते. शंका नुसती असते. तुम्ही काय शंका जेवताय का?"

सगळे हसले. सरही हसले, आणि ते मला जास्त लागलं.

"साधी खूण सांगतो," तो आता रंगात आला होता. "हुकूम देऊन बघा. 'जेव' म्हणता येतं. 'माहीत अस' म्हणता येतं का? नाही ना? मग नोइंगही नाही."

बरं, खूण चुकीची नाही, हे मला कबूल करावं लागतं. पण आमची गोची कोणी बघायची? मराठीत 'मला शंका आहे' म्हणतो, त्या 'आहे'चं इंग्रजीत ॲम होतं, आणि ॲम आलं की शेपटासारखं आयएनजी मागून येतंच. वर आपल्याला 'आठवतंय', 'समजत नाहीये' असं सर्रास म्हणता येतं. तिथे अंडरस्टँड, नो ही क्रियापदं ढिम्म हलत नाहीत. थिंक तर दुतोंडी. मत सांगायचं तर आय थिंक, आणि डोक्यात विचार घोळत असेल तर मात्र आय ॲम थिंकिंग अबाउट इट.

खरं तर मराठीत भर चालू काळात करता येईल अशी एकच शंका आहे, लघुशंका, आणि ती मीटिंगमध्ये करत नाहीत. हे उत्तर मला लिफ्टमध्ये सुचलं. नेहमीचंच.

तिथेच तो खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "आय ॲम थिंकिंग यू आर अँग्री."

"थिंक," मी म्हटलं. "हे मत झालं."

"नाही, माझी प्रोसेस चालू आहे."

घरी डिक्शनरी काढली. इंग्रजांच्या लेखी डाउट म्हणजे अविश्वास, खात्री नसणं. साधं काही विचारायचं तर 'आय हॅव अ क्वेश्चन' म्हणायचं. म्हणजे त्याने चारचौघांत दुरुस्त करून दिलेलं वाक्य बोललो असतो, तर सरांना वाटलं असतं, हा आपल्या बोलण्यावरच संशय घेतोय. व्याकरण शुद्ध, नोकरी धोक्यात.

फायनल फाईल कुठली, ते शेवटपर्यंत कोणी सांगितलं नाही. मी दोन्ही पाठवल्या.