‘एसएसओ बंद केलं की झालं’ हे खरं नाही

“कॉन्ट्रॅक्टरच्या एक्झिटचा एवढा बाऊ कशाला? शेवटच्या दिवशी आयटीला एक मेल टाका, एसएसओ बंद झालं की सगळं बंद. शेवटच्या आठवड्यात दोन तासांची केटी रेकॉर्ड करून ठेवा, उरलेली तिकिटं लीडच्या नावावर टाका. विषय संपला.”

ही पोस्ट गेल्या महिनाभरात मला चार वेगवेगळ्या ग्रुपांवर आली. ज्यांनी ती पुढे पाठवली त्यांतले निम्मे तरी स्वतः डिलिव्हरी सांभाळणारे आहेत, म्हणून एकेका मुद्द्यावर सविस्तर लिहितो. मी पुण्यात प्रॉडक्शन सपोर्टची टीम बघतो. दोन आठवड्यांसाठी आलेल्या आणि एखाद्याच वेब टूलचं लॉगिन असलेल्या माणसापुरती ही पोस्ट बरोबर आहे. वर्षभर सर्व्हरवर काम केलेल्या माणसाला ती लावली की त्रास सुरू होतो.

एसएसओ बंद झालं की सगळं बंद?

एसएसओ बंद केल्याने बंद होतं ते ब्राउझरमधून आत जाण्याचं दार. सपोर्टचा माणूस दिवसभर ज्या वाटांनी आत जातो त्यांतल्या बऱ्याच त्या दाराशी जोडलेल्याच नसतात. लिनक्स सर्व्हरवर त्याची एसएसएच की असते. क्लाउडवर स्क्रिप्टसाठी काढलेली अ‍ॅक्सेस की असते. गिटहबच्या एखाद्या रेपोला त्याने डिप्लॉय की लावलेली असते. ही की रेपोची असते, माणसाची नसते. त्यामुळे त्याला रेपोतून काढून टाकलं तरी ती चालूच राहते. आणि डेटाबेसचा सगळ्यांनी मिळून वापरायचा पासवर्ड त्याला तोंडपाठ असतो.

लिनक्सवर होणारी एक चूक मी वारंवार पाहिली आहे. आयटीचा माणूस `passwd -l` चालवतो, खातं ‘लॉक’ झालं असं तिकिटात लिहितो आणि तिकीट बंद करतो. पण त्या कमांडने लॉक होतो तो फक्त पासवर्ड. एसएसएच की असलेला माणूस पूर्वीसारखाच आत येतो. त्या कमांडच्या मॅन पेजवरच ही सूचना लिहिलेली आहे. खातं खरोखर बंद करायचं तर त्याची मुदत संपवावी लागते:

```
sudo usermod --expiredate 1 ctr_user
sudo pkill -KILL -u ctr_user
sudo ssh-keygen -lf /home/deploy/.ssh/authorized_keys
```

दुसरी ओळ आधीपासून उघडी असलेली सेशन्स संपवते, कारण मुदत संपवल्याने चालू सेशन तुटत नाही. तिसरी ओळ सगळ्यात जास्त वेळा विसरली जाते. `deploy` सारख्या सामायिक खात्यात कुणाकुणाच्या की आहेत ते ती दाखवते. माणसाचं स्वतःचं खातं बंद केलं तरी तिथली त्याची की तशीच राहते, आणि तिच्यावरून आत आलेला माणूस लॉगमध्ये `deploy` म्हणूनच दिसतो.

क्लाउडचंही तसंच. एडब्ल्यूएसवर कन्सोलचा पासवर्ड काढला म्हणून अ‍ॅक्सेस की बंद होत नाही, ती वेगळी बघावी लागते:

```
aws iam list-access-keys --user-name ctr_user
```

यादीतली प्रत्येक की आधी `Inactive` करावी, आठवडाभर काही मोडत नाही ना ते बघावं आणि मग ती डिलीट करावी. डिलीट केलेली की परत आणता येत नाही, म्हणून हा क्रम.

प्रवेश उरला तर काय होऊ शकतं, याचं एक उदाहरण न्यायालयीन नोंदींत आहे. सिस्कोतला एक इंजिनिअर एप्रिल २०१८ मध्ये राजीनामा देऊन गेला. २४ सप्टेंबर २०१८ रोजी त्याने कंपनीच्या एडब्ल्यूएसवरच्या यंत्रणेत शिरून वेबेक्स टीम्सची ४५६ व्हर्च्युअल मशीन्स उडवली. सोळा हजारांहून जास्त खाती दोन आठवड्यांपर्यंत बंद राहिली, आणि ती उभी करण्यात कंपनीचे सुमारे १४ लाख डॉलर गेले. तो कॉन्ट्रॅक्टर नव्हता, कर्मचारी होता. म्हणजे त्याचं जाणं एचआरच्या नोंदीत होतं. आपला कॉन्ट्रॅक्टर बहुतेक वेळा एचआरच्या सिस्टिममध्येच नसतो; तो व्हेंडरच्या पगारपत्रकावर असतो. त्यामुळे कर्मचारी गेल्यावर आपोआप निघणारी एक्झिटची तिकिटं त्याच्यासाठी निघतच नाहीत, कुणीतरी आठवणीने काढावी लागतात.

शेवटच्या दिवशी एक मेल?

इथे आमच्याकडे घडलेलंच सांगतो.

आमच्याकडचा एक कॉन्ट्रॅक्टर सोळा महिन्यांनंतर गेला. रात्री दोन वाजता एक फाइल उचलून व्यवहारांची जुळवणी करणारा जॉब तो बघायचा. शुक्रवारी संध्याकाळी मेल गेला आणि आयटीने, यावेळी अगदी नीट, त्याचं सर्व्हरवरचं खातं मुदत संपवून बंद केलं. शनिवारी रात्री जॉब चाललाच नाही. रविवारीही नाही. सोमवारी सकाळी क्लायंटचा फोन आला की रिपोर्ट रिकामा आहे.

कारण असं होतं की तो जॉब त्याच्या वैयक्तिक खात्याच्या क्रॉनटॅबमध्ये लावलेला होता. बहुतेक लिनक्सवर मुदत संपलेल्या खात्याचं क्रॉन चालत नाही. जॉब फसला तर जाणारा इशाराही त्याच्याच मेलवर जायचा, आणि तो मेलबॉक्स शुक्रवारीच बंद झाला होता.

घाईत आयटीने खातं पुन्हा सुरू केलं. जॉब चालला, क्लायंट शांत झाला. पण ते खातं पुन्हा बंद करणं कुणाच्याच यादीत नव्हतं. बावीस दिवसांनी दुसरंच काहीतरी शोधताना मला ते उघडं दिसलं. मूळ तिकीट मात्र पहिल्या शुक्रवारीच ‘पूर्ण’ म्हणून बंद झालेलं होतं. त्या बावीस दिवसांत कुणी आत आलं नव्हतं, हे मी `last` आणि ऑथ लॉग चाळून पाहिलं, पण ते पाहीपर्यंतची दुपार मला अजून आठवते.

तेव्हापासून आम्ही प्रवेश काढण्याआधी दोन गोष्टी बघतो:

```
sudo crontab -u ctr_user -l
sudo find / -xdev -user ctr_user -type f
```

(`-xdev` मुळे शोध त्याच फाइल सिस्टिमपुरता राहतो, `/home` वेगळ्या डिस्कवर असेल तर तीच कमांड तिथेही चालवावी.) जे जे त्याच्या नावावर चालतंय ते आधी सर्व्हिस खात्यावर न्यायचं, निदान एक रात्र तिथून व्यवस्थित चालू द्यायचं, आणि मगच खातं बंद करायचं. हे एका मेलात आणि एका दिवसात बसत नाही. तीन आठवडे आधी सुरुवात केली तर निवांत होतं. व्हेंडरने माणूस तीन दिवसांत उचलला तर आम्ही पुढच्या तीस दिवसांत काय काय चालणार आहे तेवढंच आधी बघतो.

दोन तासांची केटी रेकॉर्ड करून?

त्याच कॉन्ट्रॅक्टरची केटी आम्ही रेकॉर्ड केलेली होती. एक तास पन्नास मिनिटांचा स्वच्छ व्हिडिओ, आवाज स्पष्ट, स्क्रीन वाचता येते. त्यात सगळं होतं, फक्त जॉब फसल्यावर तो काय करायचा ते नव्हतं, कारण रेकॉर्डिंगच्या दिवशी जॉब फसला नव्हता.

तो गेल्यावर तीन आठवड्यांनी एका रात्री फाइल उशिरा आली आणि जॉब अर्ध्यात मेला. आमच्या टीममधल्या मुलीने तो पुन्हा चालवला. काही एरर नाही, जॉब एका सेकंदात संपला, आउटपुट शून्य. दीड तासाने कळलं की जॉब सुरू होताना एक लॉक फाइल बनवतो. मध्येच मेला तर ती फाइल मागे राहते, आणि पुढच्या वेळी ती दिसली की जॉब गुपचूप बाहेर पडतो. तो कॉन्ट्रॅक्टर दरवेळी ती हाताने उडवायचा. त्याने हे लपवलं नव्हतं. इतक्या वेळा केलेली गोष्ट सांगायची असते हेच त्याच्या लक्षात आलं नसावं.

अशी माहिती बाहेर काढायची एकच पद्धत मला लागू पडलेली आहे: काम घेणाऱ्याने करायचं आणि जाणाऱ्याने शेजारी बसायचं, कीबोर्डला हात न लावता. आमच्याकडे याला उलटी केटी म्हणतात. घेणारा जिथे अडतो, जिथे “आता काय करू?” विचारतो, ती प्रत्येक जागा रनबुकातली एक ओळ होते, आणि ती ओळ त्यानेच लिहायची. एकदा नीट चालवून झालं की टेस्ट सर्व्हरवर जॉब मुद्दाम मध्येच मारायचा आणि तो परत उभा करायला सांगायचं. लॉक फाइल त्याच दिवशी सापडली असती.

एक अडचण यातही राहते. महिनाअखेरीचा जॉब महिन्यातून एकदाच चालतो. माणूस पंधरा तारखेला जाणार असेल तर घेणारा तो बघतच नाही. मग मागच्या महिन्याचा डेटा टेस्टवर घालून तालीम करावी लागते, किंवा व्हेंडरशी बोलून शेवटची तारीख चार दिवस पुढे घ्यावी लागते. मी दुसरा पर्याय आधी मागून बघतो.

तिकिटं लीडच्या नावावर?

हे थोडक्यात. लीडच्या नावावर टाकलेल्या तिकिटाची जागा बदलते, पण त्यावर काम करणारं कुणी नसतं. आमच्याकडे एकोणीस उघडी तिकिटं होती. ती एका बल्क बदलात लीडकडे गेली. त्याची स्वतःची तीस होतीच. क्लायंटच्या उत्तराची वाट बघणारी पाच त्यात होती. क्लायंटने उत्तरं दिलीसुद्धा, पण जुन्या माणसाच्या मेलवर.

आता जाणारा माणूस असतानाच त्याच्यासोबत बसून यादीचे वाटे करतो: जाण्याआधी तो बंद करणार ती, नाव ठरवून दुसऱ्याला द्यायची ती, आणि क्लायंटला सांगून सोडून द्यायची ती. दिलेलं तिकीट पोचलं असं आम्ही तेव्हाच मानतो, जेव्हा घेणाऱ्याने त्यात पुढचं पाऊल आणि तारीख स्वतःच्या शब्दांत लिहिलेली असते. नाव बदलल्याची नोंद आम्ही धरत नाही.

आणि दोन आठवड्यांनी हीच क्वेरी परत चालवायची:

```
assignee = "ctr_user" AND statusCategory != Done
```

मागच्या वेळी यात चार नवीन तिकिटं निघाली. जिरातल्या एका कंपोनंटचा डीफॉल्ट असायनी अजून तोच होता.

हे सगळं आम्ही एका मूळ तिकिटाखाली सब-टास्क म्हणून ठेवतो. सब-टास्क उघडे असताना मूळ तिकीट बंदच होऊ नये, अशी अट जिराच्या वर्कफ्लोमध्ये घालता येते. ती घातलेली आहे. प्रत्येक सब-टास्कवर एकाचं नाव असतं, आणि तपासणारा दुसरा असतो. तपासणारा ‘झालं’ या शब्दावर बंद करत नाही. त्याला कमांडचं आउटपुट किंवा नाकारलेल्या लॉगिनची ओळ लागते. एखादं खातं काही कारणाने परत उघडलं तर तो सब-टास्कही परत उघडतो.

यानंतर गेलेल्या कॉन्ट्रॅक्टरचं मूळ तिकीट त्याच्या शेवटच्या दिवसानंतर बारा दिवसांनी बंद झालं. शेवटपर्यंत उघडा राहिलेला सब-टास्क डेटाबेसच्या सामायिक पासवर्डचा होता, कारण तो बदलायला क्लायंटची रविवारची चेंज विंडो लागत होती.