एसीची हवा किती लांब जाते तो थ्रोचा आकडा अर्धा वाचायचा आणि मग थर्मोस्टॅटकडे बोट दाखवायचं!

अंबडच्या त्या ऑफिसात आज तिसऱ्यांदा जाऊन आलो. बाहेर एप्रिलचं ऊन, आणि आत मधल्या टेबलावरच्या ताई शाल गुंडाळून बसल्यात. डोक्यावरच्या डिफ्यूजरला, म्हणजे सीलिंगमधून एसीची हवा सोडणाऱ्या जाळीला, कुणीतरी पुठ्ठा चिकटवलाय. कॉन्ट्रॅक्टर मात्र थर्मोस्टॅट दाखवतो, "साहेब, चोवीस आहे, अजून काय पाहिजे?"

अहो, तो भिंतीवर बसलाय, ताई टेबलावर! मी तिथे मानेच्या उंचीवर मोजलं. हवेचा वेग ९० फूट प्रति मिनिट आणि तापमान खोलीपेक्षा १ अंश कमी. वेगाचा गारवा धरला तर ती हवा अंगाला सव्वातीन अंश थंड वाटते. एडीपीआय, म्हणजे बसायच्या भागात हवा किती आरामशीर पसरते याचा आकडा, काढताना १.७ अंशांहून जास्त गार वाटणारी किंवा ७० फुटांहून वेगवान हवा असलेली जागा नापास धरतात. ही जागा दोन्हींत नापास. माणसं बसतात त्या भागातल्या शंभरपैकी निदान ८० जागा पास व्हायला हव्यात.

चूक कुठे झाली ते कॅटलॉग उघडल्यावर दिसलं, आणि डोकंच फिरलं. गोल डिफ्यूजर, १० इंची मान म्हणजे हवा आत येण्याचं तोंड, मिनिटाला ३०० घनफूट हवा. थ्रो ४-६-१२ फूट. हे तीन आकडे म्हणजे हवेचा वेग १५०, १०० आणि ५० फूट प्रति मिनिटावर येईपर्यंत ती किती लांब जाते ते. यांनी मधला ६ उचलला! दोन डिफ्यूजरमध्ये १६ फूट अंतर, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला ८. "सहा आठच्या आत आहे, बसतंय."

काय बसतंय? एडीपीआयसाठी ५० चा थ्रो घ्यायचा असतो, म्हणजे १२. त्याला आठाने भागलं की दीड. गोल डिफ्यूजरला हे गुणोत्तर साधारण ०.७ ते १.३ मध्ये हवं, ०.८ च्या आसपास उत्तम. दीडला दोन्ही बाजूंच्या हवा मधोमध अजून जोरात असतानाच एकमेकींवर आदळतात आणि सरळ खाली कोसळतात. त्याच मधोमध ताईंचं टेबल!

आता म्हणतात, डॅम्पर, म्हणजे हवेची झडप, आवळू. आवळा, मग हवाच कमी पडून दुपारी सगळा हॉल तापेल आणि डॅम्पर शिट्टी मारेल ती वेगळीच. तेवढीच हवा १४ इंची मानेतून सोडली असती तर थ्रो साडेआठ फुटांच्या आसपास आला असता, गुणोत्तर १.१ च्या जवळ. कागदावर दोन मिनिटांचा भागाकार होता तो! आता सीलिंग कापा, मोठे डिफ्यूजर मागवा. आणि तोवर ताईंनी शाल घेऊन बसायचं.