सगळ्यांचे फोटो सारखेच असतात, आणि ते बरंच आहे

पाऊस सुरू झाला की आमच्या कोल्हापूरच्या ग्रुपांवर एक फोटो हमखास फिरतो. डावीकडे सरळसोट कडा, उजवीकडे उंचावरून पडणारा धबधबा, मधे झाडांनी भरलेली दरी. खाली ओळ: "गगनबावडा, आपलं कोल्हापूर!"

तो गगनबावडा नाही. ती अमेरिकेतली योसेमिटी दरी आहे, आणि फोटो टनेल व्ह्यू या जागेवरून काढलाय. मी तिथे गेलेलो नाही, पण हेच दृश्य हजारो लोकांनी तिथूनच टिपलंय, म्हणून ते ओळखता येतं.

सगळे तिथेच का थांबतात? कारण 1933 मध्ये तिथला वावोना बोगदा खुला झाला. बोगद्यातून पूर्वेला बाहेर पडलं की लगेच गाड्या लावायची जागा, पुढे बुटका दगडी कठडा आणि समोर एकदम उघडी दरी. पन्हाळ्यावर आपण तरी काय करतो? गाडी लागते तिथून कठड्यापर्यंत चालतो आणि मोबाईल काढतो. फोटोची जागा बहुतेक वेळा रस्ता आणि कठडाच ठरवतात.

आता ओळखायचं कसं. डावीकडचा कडा एल कॅपिटन, उजवीकडचा धबधबा ब्रायडलव्हेल, आणि दोघांच्या मधल्या फटीत खूप मागे हाफ डोम हा गोल माथ्याचा डोंगर. नुसता कडा किंवा नुसता धबधबा पाहून काहीच ठरत नाही, तसे जगात पुष्कळ आहेत. पाहायचं ते हे की पुढच्या कड्याच्या कडेपासून मागचा डोंगर किती सरकलेला दिसतो. तुम्ही बाजूला चालत गेलात की जवळचे कडे भराभर सरकतात, लांबचा डोंगर जवळजवळ जागेवरच राहतो, म्हणून ती फट बदलते. झूम करून मात्र ती बदलत नाही. कोण कोणाला झाकतंय हे फक्त उभं राहण्याच्या जागेवर अवलंबून असतं. ओळखीच्या फोटोशी ही मांडणी जुळली, तर दरीच नव्हे, कठडासुद्धा सापडतो. "तोच तोच फोटो काय काढायचा" असं म्हणणाऱ्यांशी माझं इथेच जमत नाही. एकाच जागेवरचे इतके फोटो नसते, तर ताडून बघायला काय उरलं असतं?

आणखी एक खूण तर आपल्या सह्याद्रीतच आहे. आपले कडे लाव्हाच्या थरांचे, त्यामुळे आडवे पट्टे आणि पायऱ्या दिसतात. एल कॅपिटन ग्रॅनाइटचा: फिकट, सलग, आडवे थर नाहीतच.

धबधब्याच्या जाडीवर मात्र जाऊ नका. वसंतात बर्फ वितळतं तेव्हा ब्रायडलव्हेल भरून कोसळतो, उन्हाळा संपताना त्याची बारीक धार उरते. आणि कडा उजवीकडे, धबधबा डावीकडे दिसला, बाकी सगळं जुळलं, तर कुणीतरी फोटो आरशातल्यासारखा डावा-उजवा पलटवलाय. ताडून बघताना तो आधी तसाच परत पलटून घ्या.