मॅडम, मी विषय बदलू का?

काही दिवसांपूर्वी रात्री साडेअकराला एका विद्यार्थिनीचा मेसेज आला. "मॅडम, उशिरा मेसेज करतेय, माफ करा. माझा प्रोजेक्टचा विषय 'मोबाईलचा वापर आणि विद्यार्थ्यांची झोप' आहे ना, आज कळलं की वर्गातल्याच एकीनं 'सोशल मीडिया आणि झोपेची गुणवत्ता' घेतलाय. तिनं माझा विषय चोरला असं मला म्हणायचं नाही. पण आता मी विषय बदलू का?"

मेसेज चांगला होता. दोन्ही शीर्षकं दिली होती, आरोप केला नव्हता. नाहीतर "मॅडम, तिनं माझं कॉपी केलं, तुम्ही बोला तिच्याशी" असे मेसेजही येतात आणि त्यांना काय उत्तर द्यावं ते कळत नाही. पण एक गोष्ट राहिली होती. तिला नक्की काय शोधायचंय, ते मेसेजमध्ये कुठेच नव्हतं. विषय बदलायचा की नाही, हे दोन शीर्षकं शेजारी ठेवून ठरवता येत नाही.

मी लिहिलं, "विषय राहू दे. उद्या चार ओळी पाठव. प्रश्न काय, कोणाला विचारणार, झोप कशानं मोजणार, आकड्यांचं पुढे काय करणार. मैत्रिणीशी बोल, तिची तयारी असेल तर तिच्याही चार ओळी आण."

दुसऱ्या दिवशी दोघी एकत्रच आल्या. (अबोला एका रात्रीत मिटला होता, हे मला जास्त आवडलं.) चार ओळी वाचल्या आणि खरी अडचण दिसली. दोघींनी एकच प्रश्नावली निवडली होती, पिट्सबर्ग स्लीप क्वालिटी इंडेक्स. १९८९ साली प्रसिद्ध झालेली, भरपूर वापरली जाणारी. मागच्या एका महिन्याच्या झोपेबद्दल विचारते, शून्य ते २१ गुण देते आणि पाचाच्या वर गुण गेले की झोप चांगली नाही असं धरतात. ती दोघींनी वापरायला माझी काहीच हरकत नव्हती, ती काही कोणाच्या मालकीची युक्ती नव्हे. पण दोघी ती आपल्याच वर्गात वाटणार होत्या. म्हणजे त्याच मुलांनी तोच फॉर्म आठवड्याभरात दोनदा भरायचा. दुसऱ्या वेळी कोण मन लावून भरतंय?

मग मी पहिलीला विचारलं, "समज, जास्त मोबाईल वापरणाऱ्यांची झोप खराब निघाली. मोबाईलमुळे झोप गेली, की झोप येत नाही म्हणून मोबाईल हातात घेतला?" ती गप्प. एकदाच फॉर्म भरून घेतला तर याचं उत्तर मिळत नाही. दोघींचे प्रश्न वेगळे झाले ते इथे.

पहिलीनं आता झोपेची डायरी घेतलीय. बारा जण, चौदा रात्री. अंथरुणात मोबाईल किती वाजेपर्यंत होता आणि झोप किती वाजता लागली असावी, हे रोज सकाळी लिहायचं. त्याच माणसाची मोबाईल हातात असलेली रात्र आणि नसलेली रात्र ती शेजारी ठेवून पाहणार. मोबाईल हे कारण की परिणाम, हे यातूनही पक्कं ठरत नाही, पण कोणत्या रात्री काय घडलं ते तरी दिसतं. बारा गुणिले चौदा म्हणजे १६८ नोंदी, म्हणून ती खूश झाली होती. मी म्हटलं, माणसं बाराच आहेत. एकाच माणसाच्या चौदा रात्री म्हणजे चौदा वेगळी माणसं नव्हेत, हिशेब माणसागणिक कर. दुसरी मुलगी प्रश्नावलीवरच राहिली, पण ती आता दुसऱ्या शाखेतल्या मुलांकडून भरून घेणार. परीक्षेचा महिना टाळायलाही तिला सांगितलं, नाहीतर अभ्यासाच्या जागरणाचा दोष मोबाईलच्या माथी जाईल.

वाचलेल्या लेखांची यादी दोघींनी वाटून घ्यावी, त्यात काही वावगं नाही. परिच्छेद मात्र वाटून घ्यायचे नाहीत. मागे दोन मुलांनी पूर्वीच्या संशोधनाचा आढावा मिळून लिहिला आणि तोच दोन्ही प्रबंधांत टाकला. साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरनं दोघांनाही पकडलं. मूळ कोणाचं, हे शेवटपर्यंत दोघांनाही सिद्ध करता आलं नाही.

माझ्या मते विषय बदलायची वेळ एकदाच येते. प्रश्न, ज्यांना विचारायचं ती माणसं आणि मोजायची रीत, हे तिन्ही जुळतं आणि समोरच्यानं माहिती गोळा करायलाही सुरुवात केलेली असते, तेव्हा. बाकी वेळी विषय बदलला की नव्या विषयावरही कोणीतरी आधीच बसलेलं सापडतं.

काल पुन्हा मेसेज आला, या वेळी संध्याकाळी. "मॅडम, तिघांच्या डायरीत आतापर्यंतच्या सातही रात्री झोप बरोबर अकरा वाजता लागलीय. शाईही एकच. एका बैठकीत भरलंय ना?"

भरलंयच. आता त्या तिघांना वगळायचं की त्यांच्याकडून रोज सकाळी डायरीचा फोटो मागवायचा, यावर दोघींचं भांडण चालू आहे.