‘३+’ म्हणजे हुशारीचं वय नव्हे

“खेळण्याच्या खोक्यावरचं ‘३+’ नुसता अंदाज असतो. पोर हुशार असेल तर दोन वर्षांचं असलं तरी बिनधास्त द्या.”

असं ऐकायला मिळतं. पण प्रश्न डोक्याचा नाही, घशाचा आहे. तिशीच्या आईबापांना क्षुल्लक वाटणारा तुकडा लहानग्याची श्वासनलिका बंद करू शकतो. लाल वर्तुळात आडवी रेघ मारलेला ‘०-३’चा चेहरा दिसला की तीनच्या आत ते खेळणं नकोच. आयएसआय चिन्ह असलं तरीही.

तुकडा घशात अडकण्याइतका लहान आहे का, हे तपासायची नळी ३१.७ मिमी रुंद असते; तिच्यात मावला तर धोका. घरी टॉयलेट रोलची रिकामी नळी घ्या. ती थोडी मोठी असते, ते बरंच. महाद्वार रोडवरून भाच्यासाठी आणलेल्या गाडीचं चाक मी जोरात ओढलं, तर निघालं आणि नळीतून आरपार गेलं. गाडी अख्खी होती तेव्हा नळीत शिरतसुद्धा नव्हती.